कात्री कुठे चालवायची, ते रेघ ठरवते

1932 साली पॅरिसच्या सेंट लाझार रेल्वे स्थानकामागे, पाणी साचलेल्या एका मोकळ्या जागेत, एक माणूस उडी मारत होता. पाण्यात आडव्या पडलेल्या शिडीवरून तो पळत आला होता आणि शिडी संपल्यावर त्याने झेप घेतली होती. त्याची टाच पाण्याला टेकायच्या आधीच्या क्षणी आंरी कार्तिए-ब्रेसाँने कॅमेऱ्याचं बटण दाबलं. पुढे हा फोटो विसाव्या शतकातल्या सर्वांत गाजलेल्या फोटोंपैकी एक ठरला.

या फोटोची एक गोष्ट मात्र कमी लोकांना माहीत असते. तो कापलेला आहे. कार्तिए-ब्रेसाँने कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून फोटो काढला होता आणि फट भिंगापेक्षा अरुंद असल्यामुळे चित्राच्या डाव्या बाजूला फळीचा काळा पट्टा आला होता. फोटो छापताना तो कापून टाकला गेला. हा फोटोग्राफर आयुष्यभर फोटो कापण्याच्या विरोधात होता. चौकट कॅमेऱ्यातच पक्की झाली पाहिजे, असा त्याचा आग्रह असे. आपल्या नियमाला त्याने फार थोडे अपवाद केले आणि त्यांतला एक त्याच्या सर्वांत प्रसिद्ध फोटोतच आहे.

तो पट्टा गेल्यामुळे नेमकं काय साधलं? पट्टा असताना नजर आधी त्या काळ्या भागावर अडत होती. तो गेल्यावर चित्रात पहिल्यांदा दिसते ती पाण्यातली शिडी. ती डावीकडून निघते, उजवीकडे जाते आणि जिथे संपते तिथे हवेतला माणूस आहे. माणूस चित्राच्या मध्यावर नाही, उजव्या भागात आहे. मध्यापासून सरकवलेला विषय आणि त्याच्याकडे नेणारी रेघ या दोन्ही गोष्टी मूळ फोटोत होत्याच. कात्रीने फक्त त्यांच्या वाटेतला अडथळा काढला.

आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये ही कात्री आहे. फोटो उघडून क्रॉपचं बटण दाबलं की चित्रावर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा उमटतात आणि नऊ चौकोन तयार होतात. हे ‘रुल ऑफ थर्ड्स’चं जाळं. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन समान भाग करावेत आणि महत्त्वाची गोष्ट त्या रेषांवर किंवा त्या जिथे छेदतात त्या चार बिंदूंपैकी एकावर ठेवावी, एवढाच हा नियम आहे. क्षितिज मध्यातून जाऊ देऊ नये, ते वरच्या किंवा खालच्या रेषेवर ठेवावं, हा त्याचाच उपयोग.

हा नियम कॅमेऱ्यापेक्षा जुना आहे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने 1797 साली ग्रामीण दृश्यांविषयीच्या आपल्या पुस्तकात ‘रुल ऑफ थर्ड्स’ हे नाव वापरलं. चित्रात प्रकाश आणि अंधार समान वाटणीत असू नयेत, हा विचार त्याने जोशुआ रेनॉल्ड्सकडून घेतला होता. तो त्याने जमीन आणि आभाळ यांच्या वाटणीलाही लावला आणि एक भाग दोन भागांच्या निम्म्याने ठेवा, असं सांगितलं. मूळ मुद्दा समान वाटणी टाळण्याचा होता. दोन भाग अगदी सारखे असले तर कोणता मुख्य आणि कोणता दुय्यम हे डोळ्याला कळत नाही. एक तृतीयांश हा आकडा म्हणजे ती असमानता गाठायची सोपी खूण आहे. रेषेपासून विषय थोडा इकडेतिकडे झाला म्हणून चित्र बिघडत नाही.

‘लीडिंग लाइन्स’ म्हणजे नजरेला विषयापर्यंत नेणाऱ्या रेघा. रस्ता, कठडा, नदीचा काठ, शेताचा बांध, फलाटाची कड, माणसांची रांग, यांतलं काहीही ही रेघ होऊ शकतं. नजर अशा रेघेवरून सरळ घसरत जाते, असं बहुतेक पुस्तकांत सांगितलेलं असतं. प्रत्यक्षात डोळा तसा चालत नाही. आल्फ्रेड यार्बुस या रशियन शास्त्रज्ञाने 1960च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या कामात चित्र पाहणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या होत्या. डोळा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उड्या मारतो आणि पुन्हा पुन्हा माणसांवर, विशेषतः चेहऱ्यांवर, परततो, हे त्या नोंदींत दिसतं. क्रॉप करणाऱ्यासाठी यातून एक उपयोगी गोष्ट निघते. रेघेच्या टोकाला पाहण्यासारखं काही असेल तरच ती रेघ कामाची. टोक रिकामं असेल किंवा रेघ विषयाच्या बाजूने निघून चौकटीबाहेर जात असेल, तर तिचा फायदा होत नाही, उलट ती लक्ष बाहेर खेचते.

आता या दोन गोष्टी एका फोटोत एकत्र करून पाहू. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडकडे जाताना दिवे घाट चढते. चढ मोठा असल्यामुळे पालखीच्या रथाला इथे जादा बैलजोड्या जुंपतात. घाटाची वळणं आणि त्यांवरून चढणारी वारकऱ्यांची रांग टिपायला दरवर्षी असंख्य कॅमेरे तिथे उभे असतात. त्यामुळे या घाटात निघणारा एक नेहमीचा फोटो उदाहरण म्हणून धरू.

फोटो फोनवर, आडवा धरून काढला आहे. त्याची रुंदी 4000 पिक्सेल आणि उंची 3000 पिक्सेल, म्हणजे नेहमीचा 12 मेगापिक्सेलचा फोटो. रथ बरोबर मध्यावर आहे, कारण गर्दीत फोटो काढताना बहुतेक माणसं विषय मध्यावरच धरतात. वारकऱ्यांनी भरलेला रस्ता खालच्या डाव्या कोपऱ्याजवळून चौकटीत शिरतो, थोडा उजवीकडे वळतो आणि परत फिरून रथापाशी पोचतो. वरचा चौथा हिस्सा रिकाम्या, पांढुरक्या आभाळाने व्यापला आहे. उजव्या कडेला रस्त्यालगत उभी केलेली एक गाडी आहे आणि तिच्या काचेवरची चमक सतत डोळ्यात भरते.

रथ मध्यावरून एक तृतीयांशाच्या रेषेवर आणायचा आहे. क्रॉप करताना चित्रातली वस्तू हलवता येत नाही, फक्त कडा आत सरकवता येतात. त्यामुळे रथ ‘उजवीकडे नेणं’ म्हणजे उजवी कड रथाच्या जवळ आणणं. डाव्या कडेपासून रथ 2000 पिक्सेलवर आहे. नव्या चौकटीत हे अंतर रुंदीच्या दोन तृतीयांश व्हायला हवं, म्हणून नवी रुंदी 3000 येते. उजवीकडचे 1000 पिक्सेल जातात आणि त्यांच्याबरोबर ती चमकणारी गाडीही जाते. उभ्या दिशेला हाच हिशेब केला तर 3000ची उंची 2250 होते. वरून 750 पिक्सेल, म्हणजे बरोबर रिकाम्या आभाळाचा हिस्सा कापला की रथ वरच्या तृतीयांश रेषेवर येतो. आता तो उजवीकडच्या वरच्या बिंदूवर आहे आणि खालच्या डाव्या कोपऱ्याजवळून निघालेली वारकऱ्यांची रांग अखंड त्याच्यापर्यंत पोचते.

या हिशेबातून एक पक्की मर्यादा कळते. अगदी मध्यावर असलेला विषय एक तृतीयांशाच्या रेषेवर आणायचा तर त्या दिशेची किमान एक चतुर्थांश लांबी गमवावी लागते. त्याहून कमी कापून ते जमत नाही. दोन्ही दिशांना कापलं तर चित्राचे सोळापैकी नऊ भाग उरतात. 12 मेगापिक्सेलच्या फोटोत त्याचे पावणेसात मेगापिक्सेल होतात. 3000 बाय 2250 पिक्सेलचा हा फोटो दर इंचाला 300 पिक्सेल या छपाईच्या नेहमीच्या मापाने 10 बाय साडेसात इंच छापता येतो. घरात लावायला ते पुरेसं आहे. पण पुढच्या खेपेला याच फोटोतून एकट्या वारकऱ्याचा चेहरा मोठा करून छापायचा म्हटलं, तर पिक्सेल पुरणार नाहीत.

आता दुसरी शक्यता पाहू. रथ उजवीकडच्या बिंदूवर न ठेवता डावीकडच्या वरच्या बिंदूवर ठेवला तर? त्यासाठी डावीकडचे 1000 पिक्सेल कापावे लागतील. नियम तेवढाच पाळला जाईल, जाळ्यावर रथ तितकाच नेमका बसेल. पण रांगेची सुरुवात डाव्या कोपऱ्याजवळ होती, ती कापली जाईल. रस्ता अर्ध्यातूनच, एका वळणाच्या तुकड्यापासून सुरू होताना दिसेल आणि गाडी चौकटीत कायम राहील. फोटो बिघडेल आणि ‘रुल ऑफ थर्ड्स’ पाळूनही तो का बिघडला, हे जाळ्याकडे बघून कळणार नाही. चार बिंदूंपैकी कोणता निवडायचा हे जाळं सांगू शकत नाही. रेघ कुठून येते यावरून ते ठरतं. रेघ डावीकडून खालून येत असेल तर विषयाची जागा उजवीकडे वर, आणि उजवीकडून येत असेल तर उलट. म्हणून क्रॉप करताना आधी रेघ शोधावी, तिची सुरुवात आणि शेवट दोन्ही चौकटीत राहतील याची खात्री करावी आणि मगच जाळं बसवावं.

कापण्याच्या आधी एक काम मात्र उरकायला हवं, ते म्हणजे चित्र सरळ करण्याचं. बहुतेक फोन आणि संगणकांवरच्या अ‍ॅपमध्ये क्रॉपच्याच पडद्यावर फोटो थोडा फिरवण्याची पट्टी असते. फिरवल्यावर चारही कोपरे तिरके होतात आणि अ‍ॅप ते आपोआप कापतं. हे नुकसान वाटतं त्यापेक्षा मोठं असतं. 4000 बाय 3000चा फोटो फक्त तीन अंशांनी फिरवला तरी त्याच आकारात ठेवताना सुमारे 12 टक्के पिक्सेल जातात. आधी काळजीपूर्वक कापून नंतर सरळ करायला गेलं तर हे कोपरे विषयाच्या आजूबाजूची बेताने ठेवलेली जागा खातात आणि सगळा हिशेब पुन्हा करावा लागतो. समुद्राच्या फोटोत क्षितिज ही सरळपणाची खूण आहे. घाटात क्षितिज नसतं आणि रस्ता मुळातच चढाचा असतो, त्यामुळे तो सरळ करायचा प्रयत्न करू नये. तिथे विजेचा खांब किंवा एखाद्या इमारतीची उभी कड पाहावी. तीही चित्राच्या मध्याजवळची असावी, कारण फोनच्या रुंद भिंगात कडेच्या उभ्या गोष्टी थोड्या कललेल्या दिसतात.

क्रॉप चुकलाय हे कसं ओळखायचं? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे फोटो अगदी लहान करून पाहणं. फोनच्या गॅलरीतल्या छोट्या चौकोनात तपशील दिसत नाहीत, फक्त मोठे आकार, प्रकाश आणि अंधार उरतात. त्या आकारातही रथाकडे लक्ष गेलं तर रचना जमली. लक्ष पहिल्यांदा चौकटीच्या कडेशी गेलं, तर तिथे काहीतरी उजळ किंवा अर्धवट कापलेलं राहिलंय. मग चारही कडांवरून एकदा सावकाश नजर फिरवावी. अर्धी भगवी पताका, मनगटात कापलेला हात, डोक्यावरच्या तुळशी वृंदावनाचा राहिलेला कोपरा अशा गोष्टी तिथे सापडतात. माणसांना कापायचंच असेल तर सांध्यावर, म्हणजे गुडघ्यावर, घोट्यावर किंवा मनगटावर कापू नये. तिथे कापलेला अवयव तुटल्यासारखा दिसतो. मांडीच्या किंवा दंडाच्या मध्यावर कापलेला नैसर्गिक वाटतो.

रेघ विषयाच्या पुढे निघून गेल्याची चूकही वारंवार दिसते. दिवे घाटाच्या फोटोत रस्ता रथापाशी थांबत नाही, तो पुढे चढत राहतो. पुढचा भाग उजळ आणि मोकळा असेल तर रथ हा वाटेतला एक थांबा होऊन जातो. अशा वेळी वरची कड खाली आणून रस्त्याचा पुढचा तुकडा कापला, की रेघ रथापाशीच संपते. मग रथ तृतीयांश रेषेच्याही थोडा वर गेला तरी चालतो. नियम आणि रेघ यांच्यात निवड करायची वेळ आली तर रेघेच्या बाजूने झुकावं.

कात्रीने जे होऊ शकत नाही, तेही नीट समजून घ्यायला हवं. रेघांचा जोर फोटो काढणारा कुठे उभा होता, यावर ठरतो. क्रॉप केल्याने रस्त्याचा कोन बदलत नाही, दूर जाणाऱ्या दोन रेघा जिथे मिळतात तो बिंदू हलत नाही. फलाटाच्या कडेचा फोटो उभ्याने काढला तर कड एक साधी तिरकी पट्टी दिसते. तोच गुडघ्यांवर बसून, कॅमेरा खाली आणून काढला तर जवळचा भाग मोठा होतो आणि कड वेगाने दूर पळते. हा फरक नंतर कापून आणता येत नाही. रुळांच्या बाबतीत हा मोह अनेकांना रुळांवर उतरवतो. ते जिवावर बेतणारं आहे आणि रेल्वे कायद्याने गुन्हाही आहे. पादचारी पुलावरून रुळांच्या त्याच रेघा, अधिक स्वच्छ, मिळतात.

फोनमधला डिजिटल झूम हाही क्रॉपच असतो. भिंग हलत नाही, मधला भाग कापून मोठा केला जातो. दुप्पट डिजिटल झूम म्हणजे रुंदी आणि उंची निम्मी, म्हणजे चित्राचा फक्त चौथा हिस्सा. फरक एवढाच, की हे कापणं फोटो काढतानाच होतं, तेही मध्याभोवती, आणि कापलेला भाग परत मिळत नाही. ज्या फोनला दुसरं, लांबचं भिंग आहे त्यात ते वापरावं. नसेल तर मोकळ्या चौकटीत फोटो काढून नंतर निवांत कापणं शहाणपणाचं.

सगळ्याच फोटोंना हे जाळं बसत नाही. क्यूबन फोटोग्राफर आल्बेर्तो कोर्दा याने 5 मार्च 1960 रोजी हवाना इथे एका शोकसभेत चे गेव्हाराचा फोटो काढला. मूळ फोटो आडवा होता. एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला ताडाची पानं होती. कोर्दाने दोन्ही कापून उभी चौकट केली. तिथे नजरेला नेणारी रेघ नाही आणि चेहरा जवळजवळ मध्यावर आहे. तरी जगभर भिंतींवर आणि टी-शर्टांवर तोच चेहरा पोचला, कारण विषय एकच होता आणि त्याच्याशी स्पर्धा करणारं काहीही चौकटीत उरलं नव्हतं. देवळाचा गाभारा समोरून टिपला, तळ्यात डोंगराचं स्वच्छ प्रतिबिंब पडलं असलं किंवा दीपमाळ दोन्ही बाजूंनी सारखी असली, तर समतोल हाच फोटोचा विषय असतो. असा फोटो ओढून तृतीयांशावर नेला की त्याचा जीवच जातो. तिथे दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखं कापावं.

कापण्याने अर्थही बदलतो. घरगुती फोटोत त्याने काही बिघडत नाही, पण बातमीच्या फोटोत बिघडतं. रिकामं आभाळ किंवा कडेची गाडी काढणं वेगळं आणि गर्दी मोठी भासावी म्हणून भोवतीचं मोकळं मैदान कापणं वेगळं. कापलेल्या भागामुळे पाहणाऱ्याची घटनेविषयीची समजूत बदलत असेल, तर तो भाग चौकटीत राहिलाच पाहिजे.

शेवटी फोन हातात घेणाऱ्यासाठी दोन सवयी. विषय मध्यावर असेल तर चौथा हिस्सा तरी जाणार, हे लक्षात ठेवून फोटो काढतानाच चारही बाजूंना सैल जागा सोडा, आणि जिथून रेघ आत येते त्या बाजूला जरा जास्त. आणि मूळ फोटो कधीही पुसू नका. कापलेला फोटो वेगळी प्रत म्हणून जतन करा आणि क्रॉप नेहमी मूळ फोटोवरच करा, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या प्रतीवर नको, कारण तिथे फोटो आधीच बारीक झालेला असतो. आज निवडलेली चौकट महिन्याभराने चुकीची वाटू शकते आणि मूळ फोटो हाताशी असेल तरच ती बदलता येते.